ओमेगाटी आणि पेठांचे फलक : काही महिने वापरल्यावर

पुण्यातल्या पेठांच्या हेरिटेज वॉकचा मजकूर आणि माहितीफलक मराठीतून इंग्लिशमध्ये करायला आम्ही ओमेगाटी हे भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण आमच्या कामाची खरी गोष्ट एकच, शब्दयादीची फाईल. ही साधी टेक्स्ट फाईल, प्रोजेक्टच्या `glossary` फोल्डरमध्ये टाकायची, एका ओळीत टॅब देऊन तीन रकाने: मराठी शब्द, इंग्लिश, आणि टीप. बहुतेक जण टीप मोकळी सोडतात आणि तिथेच सगळं बिनसतं.

उदाहरण कात्रजच्या नळाचं घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमाराला, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शहरात आणलं आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत पडायचं. हौदाला नुसतं टँक लिहिलं की दक्षिणेतून आलेला पाहुणा तलाव शोधायला लागतो, कारण तिकडे टँक म्हणजे तळंच. आणि उच्छ्वास! डिक्शनरी बघून केलं तर फलकावर चक्क श्वास सोडणं येतं, प्रत्यक्षात तो नळावरचा बांधीव उंचवटा, आतली कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेला. आमची ओळ अशी आहे:

```
उच्छ्वास	uchchhwas	masonry air shaft on the water line
```

फलकावर पहिल्यांदा मराठी शब्द येतो, लगेच स्वल्पविराम देऊन टिपेतलं वर्णन, पुढे नुसता शब्द. वर्णनात वस्तू काय काम करते ते हवं, ती कशासारखी दिसते ते नको. असे शब्द एका फलकावर दोन-तीनच ठेवतो, उन्हात उभा राहून कोण जास्त वाचणार, बाकीचे वॉकच्या छापील पानात जातात. पेठ तशीच ठेवायची, शनिवार पेठेचं सॅटर्डे मार्केट केलं तर माणूस शनिवारचा बाजार बघायला येईल. स्पेलिंग रस्त्यावरच्या पाट्यांप्रमाणेच, Wada, कारण Vada लिहिलं की बटाटा आठवतो 😄

आता वैताग. मराठीची सामान्यरूपं ओमेगाटीला कळत नाहीत. यादीत वाडा आहे, पण वाक्यात वाड्यात किंवा वाड्याच्या आलं की बाजूच्या पॅनलमध्ये यादीतली ओळ उगवतच नाही, म्हणून आम्ही ती रूपं वेगळ्या ओळींत टाकलीत, यादी फुगते पण चालतं. दुसरं म्हणजे जुन्या भाषांतरातलं मिळतंजुळतं वाक्य समोर येतं ते डोळे झाकून घ्यायचं नाही, दोन फलकांची वाक्यं सारखी असतात आणि एकात हौद तर दुसऱ्यात तलाव असतो, तेवढाच एक शब्द सुटतो आणि फलक रंगवून झाल्यावर दिसतो.

तपासणीला पुण्याबाहेरचा माणूस लागतो. त्याला फलक वाचायला देऊन विचारायचं, आता इथे काय शोधशील? हौदाच्या फलकावर तो खाली दगडी कुंडाकडे बघायला लागला तर मजकूर छपाईला जातो, नाहीतर टीप पुन्हा लिहितो.