दहा हजारांचे आभार: गोडा मसाला पाठवू की मालवणी?

आपल्या पानावर दहा हजार माणसं जमली. लालबागच्या छोट्या स्वयंपाकघरातले पदार्थ तुम्ही आपल्या घरी करून पाहिलेत, याचं मोल मोठं आहे. मनापासून आभार! छोटीशी भेट म्हणून पाच जणांना शंभर-शंभर ग्रॅम घरचा मसाला पाठवायचा आहे.

मन गोड्या मसाल्याकडे ओढतं. आमटीत चमचाभर पडला की दगडफुलाचा वास घरभर होतो. पण त्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात. दळल्यावर दोन्ही तेल सोडतात आणि मुंबईच्या दमट हवेत ते तेल लवकर खवट होतं. कागदावर चिमूटभर दाबून ठेवला तर तेलाचा डाग उमटतो. तेवढ्यावरून तो खराब म्हणू नये, पण खोबऱ्याला जुनाट, कडवट वास आला तर मात्र वापरू नये.

मालवणीत मुख्य भाग सुक्या मिरच्या, धणे आणि खड्या मसाल्यांचा. आमच्या घरी त्यात खोबरं घालत नाहीत, ते वाटणात जातं. त्यामुळे तो टपालाचा प्रवास चांगला सोसतो. त्याला जपायचं ते ओलाव्यापासून. कोमट असताना भरला तर पिशवीत वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

म्हणून सध्या पावसाळ्यात मालवणीच पाठवते, पूर्ण गार करून, दुहेरी पिशवीत. गोडा दिवाळीनंतर, ताजा दळून.

भाग घ्यायचा असेल तर घरातली एक आमटी किंवा कालवण रविवारपर्यंत खाली लिहा. नावं चिठ्ठ्या टाकून काढेन, टपालखर्च माझा.