हाफ-बॅग मिक्सर, काही महिन्यांच्या वापरानंतर: एका घनमीटरला किती बॅच आणि स्लॅबला किती तास?

मिक्सर घ्यायच्या आधी मी बरंच काही वाचलं होतं, पण ज्या प्रश्नावर सगळं काम अडतं त्याचं सरळ उत्तर कुठे मिळालं नाही. इतकं काँक्रीट ओतायचं आहे, तर या मशिनवर किती बॅच होतील आणि माणसं किती वाजेपर्यंत लागतील? आता बरेच महिने हे मशिन रोजच्या कामात आहे, म्हणून फक्त त्याच प्रश्नाबद्दल लिहितो.

आधी प्लेटवरचा आकडा. अशा मिक्सरवर साधारणपणे १४० लिटर सुका माल आणि १०० लिटर तयार काँक्रीट अशी क्षमता लिहिलेली असते. बरेच जण तो १०० चा आकडा धरतात, घनमीटरला १० बॅच मोजतात आणि दुपारनंतर अडचणीत येतात. बॅचमधून किती काँक्रीट निघेल हे ड्रमच्या आकारावर नाही, आत पडणाऱ्या अर्ध्या गोणी सिमेंटवर ठरतं. ५० किलोची गोणी ३५ लिटर धरली तर अर्धी गोणी साडेसतरा लिटर. १:१.५:३ प्रमाणात त्यावर २६ लिटर वाळू आणि ५२ लिटर खडी. सुका माल एकूण ९५-९६ लिटर होतो. पाणी घालून तो दबला की तयार काँक्रीट निघतं सुमारे ६२ लिटर, कारण सुक्या मालाचं आकारमान ओल्याच्या दीडपटीहून थोडं जास्त असतं. म्हणजे घनमीटरला १६ बॅच आणि ८ गोण्या. हा आकडा मी मशिनच्या बाजूला रंगानेच लिहून ठेवलाय. १:२:४ असेल तर एका बॅचमध्ये ७८-७९ लिटर निघतात आणि घनमीटरला १३ बॅच पुरतात.

ड्रममध्ये जागा उरते म्हणून पाऊण गोणी टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. तसं केलं तर सुका माल १४० लिटरच्या थोडा वर जातो, तोंडातून पाणी उडतं, खडी पात्यांवरून नीट उलटत नाही आणि मुख्य म्हणजे गोण्यांचा हिशोब बिघडतो. अर्ध्या गोणीचा मोठा फायदाच हा की दोन बॅचला एक गोणी रिकामी होते. रिकाम्या गोण्या मोजल्या की बॅच कळल्या. गोणी अंदाजाने अर्धी करू नका. एकदा २५ किलो तोलून बादलीला आतून खूण करा आणि दिवसभर तीच बादली वापरा.

वाळू-खडीसाठी ३० × ३० × २९ सेंटीमीटरचा फर्मा करून घेतला. त्यात २६ लिटर बसतात, म्हणून एक फर्मा वाळू, दोन फर्मे खडी, विषय संपला. घमेल्याने मोजलं तर प्रत्येक बिगाऱ्याचं घमेलं वेगळं भरतं. एक सांभाळायचं. दमट वाळू फुगलेली असते, तिचं आकारमान सहज २०-२५ टक्के वाढतं. तोच फर्मा भरला तरी आत वाळू कमी जाते, माल खडखडीत होतो आणि बॅचमागे जवळपास ३ लिटर काँक्रीट कमी निघतं. वाळू दमट असेल तेव्हा फर्मा शिगोशीग न भरता वाळूसाठी वेगळा, थोडा उंच फर्मा ठेवावा आणि वाळूतलं पाणी लक्षात घेऊन वरचं पाणी कमी करावं.

आता प्रत्यक्ष उदाहरण. ६ मीटर बाय ५ मीटरचा स्लॅब, जाडी १२५ मिलीमीटर. स्लॅबचं काँक्रीट ३.७५ घनमीटर, स्लॅबखालच्या बीमचं पाऊण घनमीटर, मिळून साडेचार. सोळाने गुणलं की ७२ बॅच. सांडलवंड आणि ड्रमला चिकटणारा माल धरून मी ७४ धरतो, म्हणजे ३७ गोण्या.

एका बॅचचा वेळ असा जातो: माल भरायला दीड-दोन मिनिटं, सगळा माल आत गेल्यावर किमान २ मिनिटं फिरवणं, ओतायला आणि ड्रम परत वर घ्यायला एक मिनिट. झाली ५ मिनिटं. कागदावर तासाला १२ बॅच. साइटवर १० धरा. पाणी भरणं, खडी पुढे ओढणं, व्हायब्रेटर हलवणं यात तासातली १० मिनिटं जातातच. ७४ बॅचला साडेसात तास, सुरुवातीच्या तयारीला अर्धा आणि शेवटी ड्रम धुवायला अर्धा. साडेआठ तास झाले. सकाळी सातला सुरू केलं तर साडेतीनपर्यंत मशिन मोकळं होतं, वरचं फिनिशिंग त्यानंतरही चालू राहतं. जेवण पाळीपाळीने, मशिन थांबवायचं नाही. घाई करून फिरवायची २ मिनिटं कापू नका. वेळ वाचवायचा तर भरण्यात वाचवा: पुढच्या बॅचचे फर्मे आधीची बॅच फिरत असतानाच भरून तयार हवेत.

मला या मशिनने शिकवलेली सर्वात उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. ६२ लिटर काँक्रीट १२५ मिलीमीटर जाडीत पसरलं की फक्त अर्धा चौरस मीटर भरतो. एवढ्यावरून पट्टा किती रुंद घ्यायचा ते ठरतं. ५ मीटर लांबीचा एक मीटर रुंद पट्टा घेतला तर १० बॅच, म्हणजे पूर्ण तास. तेवढा वेळ आधीच्या पट्ट्याची कड उन्हात उघडी राहते आणि जुना-नवा माल एकजीव न होता सांधा राहण्याची, म्हणजे कोल्ड जॉइंटची भीती वाढते. म्हणून पट्टे लहान बाजूला समांतर घ्यायचे आणि ६० सेंटीमीटरच रुंद ठेवायचे. सहा बॅच, ३६ मिनिटांत नवा माल जुन्या कडेला भिडतो. शंका आली तर व्हायब्रेटरची सुई कडेत सोडून पाहावी. स्वतःच्या वजनाने आत गेली आणि बाहेर काढल्यावर भोक मिटलं, तर कड अजून जिवंत आहे. भोक तसंच राहिलं तर तिथे सांधा झालाच म्हणून समजा.

याच अर्ध्या चौरस मीटरवरून जाडीही तपासता येते. बीम भरून झाल्यावर १० बॅचमध्ये ५ चौरस मीटर भरायला हवेत. मिस्त्रीने सहा भरले असतील तर जाडी १०५ मिलीमीटरच्या आसपास आली आहे, नाहीतर फर्म्यापेक्षा जास्त खडी-वाळू आत पडते आहे. दोन्हीपैकी काय ते तिथल्या तिथे खिळा खुपसून बघता येतं. संध्याकाळी पाच गोण्या उरल्याचा आनंद करण्यापेक्षा हे बरं.

या मशिनची मर्यादाही स्पष्ट आहे. दिवसाला पाच घनमीटरपर्यंत मी ते बिनधास्त वापरतो. सहाच्या पुढे बॅच शंभराच्या घरात जातात, म्हणजे तयारी-धुलाईसकट दहा-अकरा तास, आणि शेवटच्या तासांत दमलेली माणसं माल ढिला करायला पाणी वाढवतात. तिथे फुल-बॅग मिक्सर किंवा दोन हाफ-बॅग लावावेत. दोन असले की एकाचा बेल्ट तुटला तरी स्लॅब अर्ध्यात राहत नाही. एकच असेल तर जादा बेल्ट साइटवर ठेवाच. तरीही थांबायची वेळ आलीच, तर बीमला लागून थांबू नका. स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात उभी फळी लावून कड सरळ बंद करा.