सूर बदलायचा की शब्द कापायचे? एका नोटिशीच्या तीन आवृत्त्या

आमच्या सोसायटीत नोटिसा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणजे सेक्रेटरी सरकारी भाषेत मजकूर देतात आणि "जरा लोकांना कळेल असं कर" म्हणून सोडून देतात. "कळेल असं" म्हणजे नक्की काय ते कोणी सांगत नाही. सूर बदलायचा आणि बाकी सगळं तेवढंच ठेवायचं, की सरळ अर्ध्यावर आणायचं? दोन्ही करून बघितलं, ते एका खऱ्या नोटिशीवरच दाखवतो.

मूळ मजकूर हा, शब्द मोजले तर ५०:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची स्वच्छता रविवार दिनांक १४ रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत करण्यात येणार आहे. सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. सायंकाळी ४ नंतर पुरवठा सुरू होण्याची शक्यता असून, पहिली १० मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी वापरू नये. तरी सर्वांनी सहकार्य करावे."

काहीही करायच्या आधी मी पेन्सिलने माहितीखाली रेघा मारतो. इथे सहा निघाल्या: गच्चीवरची टाकी, रविवार १४, ९ ते २, तेवढ्यात पाणी बंद, ४ नंतर *शक्यता*, पहिली १० मिनिटं प्यायचं नाही. नंतर नवीन मजकूर याच सहा रेघांशी लावून बघायचा, सहाच्या पाच झाल्या तरी चूक आणि सात झाल्या तरी चूक.

सूर बदलला, लांबी तीच

पहिल्या झटक्यात मी लिहिलं "आम्ही टाकी साफ करून घेतोय", आणि तिथेच फसलो. मूळात "करण्यात येणार आहे" आहे, कोण करणार ते लिहिलेलंच नाही, पण बोलीत आणलं की वाक्य कर्ता मागतं आणि आपण नकळत एक टाकून मोकळे होतो. हा "आम्ही" कोण, कमिटी की बिल्डर? "आपण साफ करतोय" म्हटलं तर वाचणाऱ्यालाच वाटेल की बादली घेऊन गच्चीवर जायचंय. शेवटी "साफ होणार आहे" वर आलो, त्यात कर्ता लागत नाही.

दुसरी चूक "मंडळी" या शब्दाची. ऐकायला छान, पण सोसायटीत सभासद म्हणजे ज्याच्या नावावर शेअर आहे तो, भाडेकरू त्यात येत नाही. पाण्याच्या नोटिशीत फरक पडणार नाही, उलट बरंच, पण हीच सवय वार्षिक सभेच्या नोटिशीत लागली तर मतदानावरून भांडण ठरलेलं. म्हणून "सभासदहो" ठेवलं, थोडं नाटकी वाटलं तरी.

तिसरी "शक्यता". मी "४ नंतर पाणी बहुतेक येईल" लिहिलं होतं, पण "बहुतेक" मध्ये जवळजवळ वचन आहे, "शक्यता" मध्ये नाही. "येऊ शकेल" त्याच वजनाचं आहे.

हे सगळं करून झालं तेव्हा शब्द ४३च भरले. बोलीत आणलं की हे असंच होतं, कारण "करण्यात येणार आहे" मधला "करण्यात" आणि "सदर", "रोजी" ही सगळी मंडळी आपोआप गळतात. आता उरलेले सात भरायला "कृपया आधीच पाणी भरून ठेवा" लिहायचा फार मोह होतो, पण ते मूळात नाहीच ना, ती सातवी रेघ झाली. भरायचंच असेल तर ज्यात माहिती नाही असे बोलण्यातले शब्द टाकावे लागतात:

"सभासदहो, एक सांगायचं होतं, रविवारी १४ तारखेला आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी साफ होणार आहे, वेळ सकाळी ९ ते दुपारी २. म्हणजे तेवढा वेळ नळाला पाणी नसेल. संध्याकाळी ४ नंतर पाणी येऊ शकेल, पण आल्यावर पहिली १० मिनिटं ते प्यायला घेऊ नका. तेवढं सगळ्यांनी जरा सांभाळून घ्या, ही विनंती."

४९ झाले. एका शब्दासाठी रडत बसलो नाही.

कापून अर्ध्यावर

"रविवारी १४ ला गच्चीवरची टाकी साफ होणार, सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद. संध्याकाळी ४ नंतर येऊ शकेल. पहिल्या १० मिनिटांचं पाणी पिऊ नका."

२५ शब्द, सहाही रेघा जागेवर. गेलं काय, तर सभासदहो, म्हणजे आणि विनंती. लिफ्टमध्ये तीन मजल्यांत वाचून होईल असं हेच आहे, आणि इथे लांब ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, कारण ४९ मधले जास्तीचे २४ शब्द फक्त सूर सांभाळतायत आणि नळाला पाणी कधी येणार हे बघणाऱ्याला सुराचं काय पडलंय.

पण आणखी कापायला गेलं की गडबड होते. कमिटीतल्या एका काकांनी माझी २५ वाली घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली ती अशी: "रवि. १४ टाकी सफाई, ९ ते ४ पाणी नाही." १० मिनिटांचं गेलं हे तर दिसतंच, खरी गोम "९ ते ४" मध्ये आहे. मूळ नोटिशीत पाणी बंद ९ ते २, चालू ४ नंतर, मग मधले दोन तास काय हे तिथेच नव्हतं. लांब मजकुरात ती फट लपून राहते, कापताना उघडी पडते आणि काकांनी ती स्वतःच्या अंदाजाने बुजवली, वर "शक्यता" खाऊन ४ ही पक्की वेळ करून टाकली. बरोबर ४ वाजता नळ उघडून ओरडणारे फोन मला आले, त्यांना नाही.

फट दिसली की अंदाज करायचा नाही, विचारायचं. मी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "अरे टाकी भरायला दोन तास नकोत का!"

मग घ्यायचं काय

लिफ्ट, व्हॉट्सअ‍ॅप, जिन्यातला कागद, म्हणजे वाचणारा उभा आहे आणि वाचून त्याला काहीतरी करायचंय, तिथे छोटं. मूळ प्रत फाईलला राहू दे, तिला हात लावू नका. एक सोपी चाचणी आहे, ज्याने मूळ वाचलेलं नाही त्याला छोटी आवृत्ती द्या आणि विचारा, पाणी किती वाजता जाणार, कधी येणार, लगेच प्यायचं का. तिन्हीला बरोबर उत्तर आलं तर कापणं जमलं, एखाद्याला "बहुधा" म्हणाला तर तिथे शब्द परत घाला.

लांबी तशीच ठेवायची दोन ठिकाणी. एक, जागा ठरलेली असते तेव्हा. आमच्या बोर्डावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी लागतं आणि एक बाजू अर्धी झाली की लोकांना वाटतं त्या बाजूला काहीतरी कमी सांगितलंय (माझ्या आईचं तर पक्कं मत आहे की इंग्रजीत जास्त माहिती असते). दोन, जिथे सूर हाच मजकूर असतो. तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकलेल्या आजोबांना "आपल्याकडून मागच्या ३ महिन्यांचा मेंटेनन्स यायचा राहिलाय, जमेल तसं बघाल का" हे ११ शब्द कापून "३ महिन्यांचा मेंटेनन्स भरा" केलं तर रक्कम तीच राहते आणि आजोबा सहा महिने बोलत नाहीत.

लिफ्टमधल्या आवृत्तीत मग सेक्रेटरींना विचारून "२ ते ४ टाकी भरणार" घातलं. २५ चे ३० झाले, आता ते कापत नाही.