ऑफर नाकारायचा मेल: कारण लिहून की न लिहिता?

दोन ऑफर लेटर हातात आहेत, एक घ्यायचं ठरलंय, आता दुसऱ्या कंपनीला नाही म्हणून कळवायचंय. तर मेलमध्ये सगळी कारणं मांडायची की चार ओळीत विषय संपवायचा? मी दोन्ही प्रकारचे मेल स्वतः पाठवलेत, एक सांगलीत असताना आणि एक नंतर साताऱ्याची नोकरी घेताना. दोन्ही सभ्यच होते, पण माझा कल एकीकडे आहे आणि तो का आहे ते सांगतो.

आधी पहिली केस. पुण्याकडची कंपनी सव्वासात लाखाच्या आसपास देत होती, सोयीसाठी सात लाख वीस हजार धरू, आणि कुपवाड एमआयडीसीतली सहा लाख. वरवर बघितलं तर महिन्याला दहा हजारांचा फरक. पण पुण्याच्या लेटरची मागची जोडपत्रं वाचली तर त्यातले बहात्तर हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेर कंपनीची मर्जी आणि आकडे जमले तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला 1,800 धरून वर्षाचे 21,600 त्यातच, आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के तीही त्यातच. हे सगळं वजा करून, आपला पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात येत होते साधारण 48,750. कुपवाडच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल नव्हतं, तिथं हातात 45,000. म्हणजे खरा फरक चार हजारांच्या आतला, आणि पुण्यात खोली घेतली की तो उलटा.

तरी पैशासाठी मी नाकारली नाही. नाकारली ती नोटीस पिरियडच्या कलमामुळं. मी सोडली तर 90 दिवस, कंपनीनं काढलं तर 30 दिवस, आणि पैसे भरून लवकर सुटायची सोय नाही. आपल्याकडं पुढची कंपनी बहुतेक वेळा महिन्याभरात ये म्हणते, तीन महिने थांबायला कोण तयार होतंय? कुपवाडला दोन्ही बाजूंना 30 दिवस होते.

तर मी लेटर नीट वाचलंय हे त्यांनाही कळावं म्हणून मेल असा टाकला (मूळ इंग्रजीत होता, इथं मराठीत उतरवतो):

"आपल्या ऑफरबद्दल मनापासून आभार. अटी सविस्तर वाचल्या. नोटीस पिरियड कर्मचाऱ्यासाठी 90 दिवस आणि कंपनीसाठी 30 दिवस आहे, तसेच एकूण पॅकेजमध्ये व्हेरिएबलचा भाग मोठा आहे. या मुद्द्यांचा विचार करता मला मिळालेली दुसरी ऑफर माझ्यासाठी अधिक योग्य वाटते, म्हणून ही ऑफर मी स्वीकारू शकत नाही."

मेल वाईट नाही. प्रामाणिक आहे, आणि एचआरला त्यातून आपल्या अटीत काय खटकतंय ते कळतं, हा त्याचा फायदा मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच दिवशी फोन आला. "सर, नोटीसचं आपण बघू ना, साठ दिवस करू, तुम्ही जॉइन तर व्हा." मी म्हटलं, मॅडम, मग तसं लेटर सुधारून पाठवा. तर म्हणे, "लेटर पॉलिसीप्रमाणं असतं, ते बदलत नाही, पण आम्ही सांभाळून घेऊ." मग ज्या साहेबांनी इंटरव्ह्यू घेतला होता त्यांचा फोन, मग ज्या कन्सल्टन्सीनं नाव पाठवलं होतं तिचा, आणि सगळ्यांचं एकच, तुमची अडचण नोटीसचीच आहे ना, मग ती सोडवली तर काय प्रॉब्लेम? इकडं मी कुपवाडला होकार कळवून बसलेलो, तिथली सही झालेली. साहेब खरंच चांगले होते, त्यांना पुन्हा पुन्हा नाही म्हणताना माझंच तोंड कडू व्हायचं. हेच मला सगळ्यात जास्त खटकलं. मेलमध्ये अट लिहिली की समोरच्याला ती सौद्याची जागा वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही, आपणच ती जागा दाखवून दिलेली असते. कन्सल्टन्सीवाल्याचं तर कमिशनच आपण जॉइन होण्यावर असतं, तो सहजासहजी सोडणार नाहीच.

साताऱ्याच्या वेळी दुसऱ्या एका कंपनीला नाही म्हणायचं होतं, तेव्हा असं लिहिलं:

"क्वालिटी इंजिनियर पदासाठी दिलेल्या ऑफरबद्दल आणि इंटरव्ह्यूसाठी आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. लेटरमधल्या अटी नीट वाचून विचार केला. माझ्या सध्याच्या परिस्थितीला अधिक जुळणारी दुसरी ऑफर मी स्वीकारली आहे, त्यामुळे आपली ऑफर मला घेता येणार नाही. निर्णय पक्का आहे, आपण ही जागा दुसऱ्या उमेदवारासाठी मोकळी धरावी. आपली पुढची भरती लवकर पूर्ण होवो."

फरक बघा, यातही अटी वाचल्याचं आहे, दुसरी ऑफर जास्त जुळते हेही आहे, पण कुठली अट ते नाही. "स्वीकारली आहे" हे झालेलं काम म्हणून लिहिलंय, "स्वीकारायचा विचार आहे" असं नाही, आणि जागा मोकळी धरा म्हटल्यावर समोरच्याला पुढचं काम काय ते कळतं. मला तरी त्यावर एका ओळीचं उत्तर आलं, शुभेच्छा आणि संपर्कात राहा, बास. एचआर तुटक वाटेल म्हणून घाबरत होतो तसं काही झालं नाही. अर्थात प्रत्येक कंपनी सारखी नसते, एखाद्याला यावरही फोन येईल, पण तेव्हा सांगायला एकच वाक्य असतं, मी तिकडं सही केलीय.

सविस्तर मेल कुठं चालतो? अट बदलली तर तुम्ही खरंच जाणार असाल तिथं. पण मग तो नकार नाही, ती बोलणी आहेत, आणि ती दुसरीकडं होकार द्यायच्या आधी करायची, बदललेलं लेटर लेखी मागायचं. दुसरी जागा म्हणजे लहान युनिट जिथं मालकानं स्वतः बसवून चहा पाजून बोलणं केलंय, तिथं नुसता मेल कोरडा वाटतो, आधी फोन करून कारण तोंडी सांगा आणि मेल तरीही आखूडच ठेवा. कारण बोलण्यात राहिलं तर ते माणसापुरतं राहतं, मेलमध्ये गेलं की चार जणांना फॉरवर्ड होतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीत सारखी, दुसरी ऑफर कागदावर सही होऊन हातात येईपर्यंत पहिलीला नकार पाठवू नका, तोंडी "तुमचं फायनल आहे" यावर तर अजिबात नाही. आणि नाकारायच्या लेटरवर तुम्ही आधीच स्वीकारल्याची सही करून पाठवली असेल तर जॉइन न झाल्यास काय ते कलम आधी वाचा, मग मेलचा मसुदा. सही केली नसेल तर नाही म्हणायला काही अडत नाही, फक्त लेटरवर दिलेल्या मुदतीच्या आत कळवा.

पाठवताना ऑफर ज्या मेलवर आली त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे विषयात पद आणि रेफरन्स नंबर आपोआप राहतो, इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांना सीसीत ठेवा. कंपनीचं पोर्टल असेल तर तिथलं Decline बटणही दाबा, नाहीतर मेल जाऊनसुद्धा कागदपत्रं अपलोड करा म्हणून रिमाइंडर येत राहतात आणि बॅकग्राउंड चेकवाले जुन्या कंपनीला फोन लावत बसतात.