भट्टीतलं एमिसिव्हिटी कोटिंग: सहा-सात महिने वापरल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंट शॉपमधली इलेक्ट्रिक बॉक्स भट्टी. छताला 600 × 600 मिमीचं सिरॅमिक फायबरचं हीटर पॅनल, त्यातली तार आत गाडलेली, क्षमता 15 किलोवॅट. खाली 300 मिमीवर तेवढ्याच मापाची स्टीलची प्लेट, म्हणजे तापवायचा जॉब. सप्लायरचं म्हणणं होतं की आतून सगळीकडे काळं कोटिंग मारा, वेळही वाचेल आणि वीजही. ते अर्धंच खरं निघालं. का, ते आकड्यांतून नीट कळतं.

900 अंशांचं पॅनल आणि 500 अंशांवर आलेला जॉब यांच्यात उष्णता जाते ती मुख्यतः रेडिएशनने. वाटेत तीन अडथळे असतात आणि ते एकामागोमाग येत असल्यामुळे त्यांची बेरीज होते:

```
q = σ(T1⁴ − T2⁴) / [ (1−ε1)/ε1 + 1/F + (1−ε2)/ε2 ]
```

पहिला अडथळा पॅनलच्या पृष्ठभागाचा, तिसरा जॉबच्या पृष्ठभागाचा. ε म्हणजे एमिसिव्हिटी. त्याच तापमानाला आदर्श काळा पृष्ठभाग जेवढी उष्णता फेकेल, त्याच्या किती पट हा पृष्ठभाग फेकतो, ते सांगणारा आकडा. जो पृष्ठभाग कमी फेकतो तो घेतोही कमी, बाकीची उष्णता परतवतो. गंजलेल्या, पापुद्रा धरलेल्या स्टीलला 0.8 धरावा, चकचकीत स्टेनलेसला 0.2. तापमान केल्विनमध्येच घ्यायचं (अंश सेल्सिअस अधिक 273). σ म्हणजे 5.67 × 10⁻⁸.

मधला F म्हणजे व्ह्यू फॅक्टर. पॅनलमधून निघालेल्या उष्णतेपैकी किती वाटा सरळ जॉबवर पडतो, एवढंच तो सांगतो. तो फक्त मापांवर आणि अंतरावर ठरतो, रंगाशी किंवा तापमानाशी त्याचा संबंध नाही. 600 मिमीचे दोन समोरासमोर चौकोन 300 मिमी अंतरावर असतील तर तो 0.415 येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता आधी बाजूच्या भिंतींवर जाते. पण ती वाया जात नाही. भिंत चांगली इन्सुलेटेड असेल तर ती आलेली उष्णता जवळपास सगळी परत आत टाकते, अर्धी पॅनलकडे आणि अर्धी जॉबकडे. म्हणून सूत्रात F च्या जागी (1 + 0.415)/2, म्हणजे साधारण 0.71 घालायचा.

भिंतींना कोटिंग मारून काही उपयोग झाला नाही, त्याचं कारण इथेच आहे. जी भिंत स्वतःकडे काही ठेवत नाही तिची एमिसिव्हिटी 0.4 असो की 0.9, ती मिळालं तेवढंच परत देते. सूत्रात भिंतीच्या ε ला जागाच नाही. गॅसच्या भट्टीची गोष्ट वेगळी. तिथे ज्वलनाचे वायू ठरावीक तरंगलांबीतच उष्णता फेकतात आणि तीच शोषतात. काळी भिंत ती घेऊन सगळ्या तरंगलांबींत परत टाकते, त्यामुळे थोडा फायदा होऊ शकतो. इलेक्ट्रिक भट्टीत भिंतीवर कोटिंगचा डबा रिकामा करणं म्हणजे निव्वळ खर्च.

पॅनलवर मात्र फरक पडतो. कोरं फायबर 0.5 आणि कोटिंग केलेलं 0.9 धरू. आधी जॉब गंजलेला घ्या. कोटिंगशिवाय अडथळे 1 + 1.41 + 0.25 होतात, म्हणजे 2.66. या तापमानांना σ(T1⁴ − T2⁴) येतो 87 किलोवॅट प्रति चौरस मीटर. भागून 0.36 चौरस मीटरने गुणलं की जॉबला मिळतात 11.8 किलोवॅट. कोटिंग केल्यावर पहिला अडथळा 0.11 वर येतो, बेरीज 1.77 आणि उष्णता 17.7 किलोवॅट. दीडपट! कॅटलॉगवाले दाखवतात तो हाच हिशेब.

आता जॉब चकचकीत स्टेनलेसचा घ्या. तिसरा अडथळा एकटाच 4 होतो. बेरीज 6.41 वरून 5.52 वर येते, आणि उष्णता 4.9 वरून 5.7 किलोवॅट. फायदा सोळा टक्के. जॉब वर उचलून अंतर 150 मिमी केलं तरी 5.9 च्या पुढे जात नाही. अडलंय जॉबच्या पृष्ठभागापाशी, तिथे छत रंगवून काय होणार? साधं कार्बन स्टील हवेत तापवताना साडेपाचशे-सहाशे अंशांनंतर स्वतःच ऑक्साइड धरतं आणि हा अडथळा आपोआप उतरतो. स्टेनलेस बराच वेळ चकचकीत राहतं, आणि नायट्रोजनमध्ये तापवलेलं काहीही.

दुसरी मर्यादा हीटरची. वरचे 17.7 किलोवॅट 15 च्या पॅनलमधून येणार कुठून? भिंतींची गळती बाजूला ठेवली तरी पॅनलचा पृष्ठभाग 900 ऐवजी 860 च्या आसपास थांबतो. म्हणजे वेळ वाचतो तो 11.8 आणि 15 मधल्या फरकाएवढाच. त्याबरोबर तार जरा थंड चालते आणि जास्त टिकायला हवी. माझ्या मते कोटिंगचा खरा फायदा हाच आहे, पण तो विकताना कोणी सांगत नाही.

घेण्याआधी कंट्रोलरवरचं आउटपुट बघा. जॉब टाकल्यापासून शेवटपर्यंत 100 टक्केच दिसत असेल तर हीटरच कमी पडतोय, कोटिंगने वेळ घटणार नाही. पॅनल लवकर सेट पॉइंटला जाऊन आउटपुट 70-80 वर उतरत असेल आणि जॉब अजून थंडच असेल, तर रेडिएशन अडतंय. अशा ठिकाणीच डबा उघडावा.

विजेचं म्हणाल तर 600 × 600 × 25 मिमीची प्लेट साधारण 71 किलोची. ती 850 अंशांना न्यायला सुमारे 11 युनिट लागतात, पॅनल काळं असो वा पांढरं. वाचते ती फक्त वाचलेल्या वेळातली गळती. गळती 2 किलोवॅट असेल आणि हीट पंधरा मिनिटांनी लवकर संपली तर अर्धं युनिट. त्यामुळे विजेच्या बिलात फारसं दिसलं नाही.

लावताना पॅनलवरची धूळ आधी व्हॅक्यूमने काढा, ब्रशने घासून काढाल तर फायबर उसवतं. दोन पातळ हात द्या. जाड थर आकसताना तडकतो आणि त्याच्या खपल्या जॉबवर पडतात. गुरुवारच्या सुट्टीत लावून दिवसभर दार उघडं ठेवणं सोयीचं, पण पावसाळ्यात तेवढ्याने वाळत नाही. मग 100 ते 120 अंशांवर काही तास धरून ओलावा जाऊ द्या आणि नंतरच हळूहळू वर न्या. घाई केली की वाफ थर फोडते. टर्मिनलवर आणि उघड्या तारेवर कोटिंग जाऊ देऊ नका. काही कोटिंगांत सिलिकॉन कार्बाइड असतं, ते तारेला मानवेल का हे आधी विचारून घ्या. सहा महिन्यांत दाराच्या बाजूचा पट्टा सोलला, कारण दार उघडलं की थंड हवेचा झटका तिथेच बसतो. तिथे पांढरट ठिपके दिसतात. तेवढाच भाग पुन्हा भरला की पुरतं.

फरक मोजायला इन्फ्रारेड गन वापरू नका. चकचकीत जॉब 900 अंशांच्या पॅनलचं प्रतिबिंब दाखवतो, त्यामुळे 500 चा जॉब गनवर कितीतरी जास्त दिसतो, आणि एमिसिव्हिटीचं सेटिंग बदलूनही ते दुरुस्त होत नाही. जॉबला कडेने खोल भोक पाडून त्यात 1.5 मिमीचं शीथवालं थर्मोकपल घाला. कोटिंगच्या आधी आणि नंतर तीच प्लेट, तोच सेट पॉइंट ठेवा. प्लेट मात्र दोन्ही वेळा सारखीच गंजलेली हवी, नाहीतर जॉबच्या ऑक्साइडचा फायदा कोटिंगच्या नावावर जमा होतो.

गंजलेले किंवा स्केल आलेले जॉब आणि आउटपुट उतरणारी भट्टी असेल तर फक्त पॅनलपुरतं घ्या. ब्राइट स्टेनलेसचं काम असेल तर पैसे ठेवा, जॉब विरळ मांडा, म्हणजे प्रत्येकाला पॅनल आणि भिंत दिसेल.