कारेलीबागेतील घराचा पार्किंग रॅम्प : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या सीटपर्यंत पाणी चढले. त्यानंतर आम्ही पार्किंगची फरशी रस्त्यापासून दोन फूट उंच करून घेतली. उंची मिळाली, परंतु गाडी तेथवर चढवायची कशी याचा विचार कंत्राटदाराने केला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही केला नव्हता. त्याने फाटकाच्या आत आठ फुटांत दोन फूट चढ असलेला, म्हणजे चारास एक उताराचा रॅम्प बांधून दिला. तो आम्ही तीन महिने सोसला आणि फोडून नवा केला. हा अनुभव त्या नव्या रॅम्पचा असला, तरी जुन्यातला दोष समजल्याशिवाय नव्याचे माप कळणार नाही.

जुन्या रॅम्पवर एकटा गाडी चालवताना काही वाटत नसे. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन निघालो, की माथ्यावर गाडीच्या पोटाखालून खरखर ऐकू येई आणि काँक्रीटवर काळसर ओरखडा उमटे. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स साडेसहा इंच आहे, तेव्हा गाडी घासते कशी, हे प्रथम लक्षात येईना. एका ओळखीच्या वयस्कर कडियाने, म्हणजे गवंड्याने, ते एका पट्टीने दाखवले. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जवळजवळ आठ फूट आहे. त्याने आठ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी रॅम्पच्या माथ्यावर अशी ठेवली, की तिचा मध्य कडेवर टेकला आणि दोन्ही टोकांखाली सारखीच पोकळी राहिली. ती पोकळी जवळजवळ सहा इंच भरली. चाके त्या टोकांवर असतात, म्हणून गाडीच्या पोटाखाली किमान तेवढी जागा लागतेच. गाडी रिकामी असताना साडेसहा इंचांत निभावते. माणसे बसली, की स्प्रिंगा दबतात आणि उरलेला अर्धा इंच संपतो. “साहेब, गाडी नाही घासत, रॅम्पचं टोक घासतं,” असे तो म्हणाला. ज्याला रॅम्प बांधायचा आहे त्याने ही पट्टीची चाचणी फळ्या लावून आधीच करून पाहावी, कारण काँक्रीट फोडण्याची मजुरी बांधण्याच्या मजुरीहून फार कमी नसते.

नवा रॅम्प पंधरा फुटांचा आहे. रस्त्याकडील पहिल्या तीन फुटांत तीन इंच चढ, मधल्या नऊ फुटांत अठरा इंच आणि वरच्या तीन फुटांत पुन्हा तीन इंच, असा चोवीस इंचांचा हिशेब बसवला आहे. मधला उतार सहास एक आणि दोन्ही टोकांचा बारास एक पडतो. माथ्यावर एकाच जागी येणारा मोठा कोन दोन लहान कोनांत वाटला गेल्यामुळे त्याच पट्टीच्या टोकांखाली आता साधारण अडीच इंचच पोकळी राहते. तळाचा सौम्य तुकडाही तितकाच आवश्यक आहे, कारण आमचा रस्ता कडेला उतरता आहे. त्यामुळे पुढचा बंपर आधी खाली जातो आणि लगेच चढाला भिडतो.

पंधरा फूट आणायचे कोठून, हा खरा प्रश्न होता. फाटकापासून पार्किंगच्या कडेपर्यंत अकरा फुटांचीच मोकळी जागा आहे. रस्त्यावर एक इंचही पुढे जायचे नाही, हे आधीच ठरवले होते. तसे केल्यास रस्त्याकडेचे पाणी अडते आणि महापालिका तो भाग केव्हाही तोडू शकते. म्हणून राहिलेले चार फूट आम्ही पार्किंगच्या आत कापले. पार्किंग एकोणीस फूट खोल असल्याने गाडीसाठी पंधरा फूट सपाट जागा उरली. आत उघडणारे जुने फाटक चढावर अडू लागले, म्हणून ते बाजूला सरकणारे करून घ्यावे लागले. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, आणि दुसऱ्या कोणी असा रॅम्प काढत असेल तर त्याने फाटकाचा विचार पहिल्याच दिवशी करावा.

पृष्ठभागाबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. जुन्यावर पार्किंग टाइल्स होत्या. कोरड्या दिवसांत त्या चांगल्या, पण पहिल्या पावसात रस्त्यावरचा गाळ त्यांच्या खाचांत बसला आणि सौ.ची ॲक्टिव्हा ब्रेक दाबलेला असतानाही मागे घसरली. नव्यासाठी दाबलेल्या मुरमावर पाच इंच जाडीचे, जाळी घातलेले काँक्रीट केले आणि वर सिमेंटची घोटाई करू दिली नाही. अंगठा दाबल्यावर ठसा उठेल पण बोट आत जाणार नाही, इतके काँक्रीट आवळल्यावर त्यात माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा पाडल्या. खाच पाव इंच खोल आणि अर्धा इंच रुंद आहे. आडव्या सरळ खाचांत पाणी आणि माती साचून राहते; तिरप्या खाचा त्यांना दोन्ही कडांकडे वाहून नेतात. कंत्राटदाराने पाऊण इंच खोल खाचा सुचवल्या होत्या, पण त्यांत सायकलचे चाक अडखळते आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळतो. वडिलांसाठी बाजूला दोन फूट रुंदीच्या पायऱ्या ठेवल्या आहेत, कारण सहास एक हा गाडीचा उतार आहे, म्हाताऱ्या माणसाचा नव्हे.

पाण्याचा निचरा हा असा भाग आहे, की त्यात आम्ही एक चूक वेळेवर पकडली. रॅम्पवर पडणाऱ्या पावसाची सर्वांना चिंता होती. परंतु एका तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 14 चौरस मीटरच्या रॅम्पवर 700 लिटर पाणी पडते, आणि 60 चौरस मीटरच्या गच्चीवरून तीन हजार लिटर येते. गच्चीचा पाइप रॅम्पच्या माथ्यावर सुटत होता. तो आम्ही भिंतीकडेने थेट नाल्याच्या चेंबरकडे नेला आणि रॅम्पचा निम्मा त्रास तेथेच संपला. तळाशी फाटकाच्या आत आडवा, सहा इंच रुंद चॅनेल घेतला आहे. त्यावरची लोखंडी जाळी जुन्याप्रमाणे वेल्ड करून टाकली नाही. दोन-दोन फुटांच्या उचलता येणाऱ्या तुकड्यांत ठेवली, कारण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आतला गाळ काढावाच लागतो. गाडी जाताना जाळी खडखडू लागली, तेव्हा तिच्या खाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घातल्या. नदी चढल्यावर हा चॅनेल काही कामाचा नाही, उलट नाल्याचे पाणी त्यातूनच उलटे येऊ शकते. पुरापासून वाचवते ती दोन फुटांची उंची.

उणिवाही लिहितो. पार्किंगची जुनी फरशी आणि नवा रॅम्प यांच्या सांध्यात पहिल्या पावसाळ्यानंतर केसाएवढी भेग पडली, कारण इकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सांधा आम्ही सुरुवातीलाच मोकळा ठेवून त्यात लवचीक सीलंट भरायला हवे होते. आता भेग कापून ते भरले आहे. उत्तरेकडच्या कडेला श्रावण-भाद्रपदात शेवाळ धरते आणि ते ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावे लागते. चाकांच्या वाटेवरील खाचांच्या कडा थोड्या गुळगुळीत झाल्या आहेत, पकड मात्र अद्याप कमी झालेली नाही. पार्किंगमधील चार फूट रॅम्पने खाल्ल्यामुळे ॲक्टिव्हा आता तिरपी लावावी लागते, आणि त्यावरून घरात अजूनही कुरबुर चालते.