याकुझा खेळायची आहे, पण कुठून सुरुवात करायची?

मागच्या आठवड्यात मामेभावाचा मेसेज आला, "दादा, याकुझाचा सेल लागलाय. कुठून सुरू करू? यादी पाहूनच डोकं फिरलं." याकुझा म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांवरची व्हिडिओ गेमची मालिका, आणि त्याचंही बरोबरच आहे. पहिला गेम 2005 चा, त्याचं नव्याने केलेलं रूप म्हणजे कीवामी, ते 2016 चं. त्याच्याही आधीची गोष्ट सांगणारा झीरो 2015 मध्ये आला. आणि 2020 चा सातवा, ज्यात हिरोच बदलला. मधले सोडा, नव्या माणसासमोर दारं तीनच आहेत: कीवामी, झीरो आणि सातवा.

मी कीवामीतून शिरलो. एक नंबर आधी, दोन नंबर नंतर, असं साधं डोकं. गोष्ट तिथूनच सुरू होते हेही खरं: हिरो किर्यू दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन दहा वर्षं तुरुंगात जातो आणि 2005 मध्ये बाहेर येतो. फक्त कथेचा क्रम पाहिजे असेल तर कीवामी चुकीचा नाही.

माझं डोकं फिरवलं ते माजिमा नावाच्या गुंडाने. एका डोळ्यावर पट्टी, सापाच्या कातडीचं जॅकेट, आणि रस्त्यात कुठूनही उगवायची खोड. तुम्ही मिशनला निघता आणि हा कचऱ्याच्या डब्यातून निघतो. रस्त्यावर ठेवलेला भलामोठा ट्रॅफिक कोन उचलला जातो, खाली हाच. एकदा पोलिसाच्या वेशात झडती घेतली. दरवेळी मारामारी, आणि टाळत राहिलात तर नुकसान तुमचंच, कारण तुरुंगात गंजलेली किर्यूची लढायची ड्रॅगन स्टाइल बरीचशी या भेटींमधूनच परत येते. एका संध्याकाळी चार गल्ल्या ओलांडेपर्यंत तो मला तीनदा भेटला. मी कंट्रोलर ठेवला तो दोन महिने उचलला नाही.

मग एका मित्राच्या सांगण्यावरून झीरो घेतला. 1988 चा डिसेंबर, जपानमध्ये जमिनीचे भाव आभाळाला टेकलेले, आणि सगळा राडा कशावरून? कामुरोचो या टोकियोतल्या काल्पनिक वस्तीतल्या एका पिटुकल्या रिकाम्या प्लॉटवरून. नागपूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही रिंग रोडपलीकडच्या प्लॉटचा विषय निघतोच. पहिले दोन चॅप्टर किर्यूचे, आणि तिसऱ्यात माजिमा येतो, ओसाकातल्या एका झगमगीत कॅबरेचा मॅनेजर म्हणून. केस मागे बांधलेले, अंगात सूट, बोलणं अदबीचं. त्या गावाबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही, मागे पाळत. हा माणूस पुढे कचऱ्याच्या डब्यात का बसू लागला, हे झीरो सरळ सांगत नाही, पण शेवटाकडे आपल्याला उमगतं.

त्यानंतर कीवामी पुन्हा लावला. तोच ट्रॅफिक कोन, तीच मारामारी, आणि मी एकटाच खोलीत हसत होतो. त्याच नकाशावर त्या रिकाम्या प्लॉटच्या जागी मिलेनियम टॉवर उभा आहे. पहिल्या खेपेला मी त्याच्या बाजूने शंभरदा धावलो असेन, मान वर करून पाहिलंही नव्हतं.

झीरोतही खोट आहे, लपवत नाही. सेव्ह करायला टेलिफोन बूथ शोधावा लागतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखे, आणि माझा पाऊण तासाचा खेळ पाण्यात. तेव्हापासून बूथ दिसला की आधी सेव्ह, मग बाकीचं. शिवाय कटसीन लांबलचक आहेत, सबटायटल्स वाचत बसावं लागतं.

सातवा या बाबतीत सुखाचा: मोबाइल काढल्यासारखा मेनू उघडा, सेव्ह करा. इचिबान हा नवा गडी, गाव योकोहामा, जुनं काही माहीत नसलं तरी अडत नाही. पण मारामारी पाळीपाळीने होते, आणि ज्याला धडाधड बटणं दाबायची हौस आहे त्याचा विरस होऊ शकतो. बाराव्या चॅप्टरमध्ये मालिकेतली जुनी माणसं बॉस म्हणून समोर येतात आणि लेव्हल कमी असेल तर धू धू धुतात. ती कोण हे माहीत नसेल तर मारच तेवढा लक्षात राहतो. पाळीपाळीची लढाई आवडत असेल तर इथून सुरू करायला माझी हरकत नाही.

मामेभावाला मी झीरोच सांगितला. एवढंच बजावलं, की तो संपला की लगेच कीवामी लावू नको, महिनाभर थांब. गल्ल्या त्याच, लढायच्या स्टाइलही बऱ्याचशा त्याच, त्यामुळे लागोपाठ खेळला तर कीवामी उगीच आखूड वाटतो. काल त्याचा रिप्लाय आला, "दादा, तो पट्टीवाला मॅनेजर कोण हाय बे? भारी हाय."

मी काही सांगितलं नाही.